खोली पाच हजारांची, फटका पन्नास हजारांचा

मेडिक्लेम पॉलिसीच्या पुस्तिकेत, बहुधा पहिल्या दहा पानांतच, एक वाक्य असतं. इंग्रजीत असतं, मराठी प्रत मिळालीच तर ती साधारण अशा थाटाची असते: ‘निर्धारित मर्यादेपेक्षा अधिक दराच्या खोलीत विमाधारक दाखल झाल्यास, संलग्न वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती ही अनुज्ञेय दैनिक खोलीभाडे व प्रत्यक्ष दैनिक खोलीभाडे यांच्या परस्पर प्रमाणात करण्यात येईल.’

हे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे आणि कायद्यानेही बरोबर आहे. तरीही ते दोनदा वाचून पॉलिसीधारक पुढच्या पानावर जातो, कारण यात आपल्या खिशाशी काय संबंध आहे ते त्याला दिसत नाही. संबंध दिसतो तो डिस्चार्जच्या दिवशी, बिलाच्या खिडकीपाशी. विमा कंपन्यांच्या कागदांतली अवघड कलमं पुष्कळ आहेत, पण सोप्या भाषेत पुन्हा लिहायला घ्यायचं एकच कलम निवडा म्हटलं, तर मी हेच निवडीन. ते वाचायला निरुपद्रवी वाटतं, त्याचा अर्थ पॉलिसीधारकाच्या अंदाजापेक्षा फार वेगळा निघतो आणि त्यातली चूक हजारो रुपयांत मोजता येते.

आधी ते प्रत्यक्षात काय करतं ते पाहू. नाशिकच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत असं समजू, त्यांना आपण बाई म्हणू. तीन लाखांची जुनी मेडिक्लेम पॉलिसी, तिच्यात खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी बाई दाखल होतात. ३,००० रुपयांच्या खोलीत दुसरा पेशंट असतो, म्हणून मुलगा ५,००० रुपयांची स्वतंत्र खोली घेतो. ॲडमिशनच्या टेबलावर तो विचारतो, ‘इन्शुरन्समध्ये बसेल ना?’ पलीकडून उत्तर येतं, ‘बसेल की. रूमचा डिफरन्स तेवढा भरावा लागेल.’ पाच दिवस, दिवसाला दोन हजार जादा, म्हणजे दहा हजार. आईला नीट झोप लागेल, दहा हजार गेले तर गेले, असं म्हणून मुलगा सही करतो.

पाचव्या दिवशी बिल येतं १,७५,००० रुपयांचं. त्यात खोलीचे २५,०००, सर्जनची फी ६०,०००, भूलतज्ज्ञांची १५,०००, ऑपरेशन थिएटरचे २५,०००, औषधं आणि सुया-हातमोजे-ड्रेसिंग वगैरे मिळून ३०,०००, तपासण्यांचे १२,००० आणि हर्नियाच्या जागी बसवलेल्या जाळीचे ८,०००. कंपनी मंजूर करते १,२५,०००. बाकीचे पन्नास हजार भरल्याशिवाय डिस्चार्ज नाही.

दहाचे पन्नास झाले ते त्या वाक्यातल्या ‘परस्पर प्रमाणात’ या दोन शब्दांनी. मंजूर भाडं ३,०००, घेतलेलं ५,०००, म्हणजे शंभराला साठ. खोलीच्या २५,००० पैकी कंपनी १५,००० देते, हा तो दहा हजारांचा फरक, जो मुलाला माहीत होता. पण सर्जन, भूलतज्ज्ञ आणि थिएटर यांचे मिळून जे एक लाख होतात, त्यांचेही साठच टक्के मिळतात. तिथे चाळीस हजार गेले. औषधं, तपासण्या आणि जाळी यांचे पन्नास हजार पूर्ण मिळाले. १५, ६० आणि ५० मिळून सव्वा लाख. (न मिळणाऱ्या किरकोळ वस्तू आणि को-पे यांची कपात मी इथे धरलेली नाही. प्रत्यक्षात ती आणखी वेगळी होते.)

कंपनी हे लबाडीने करते असं म्हणता येणार नाही, कारण यामागे हिशेब आहे. बऱ्याच खासगी हॉस्पिटलांत दर खोलीच्या वर्गावर ठरतात. जनरल वॉर्डातल्या पेशंटचं जे ऑपरेशन होतं, तेच ऑपरेशन, तोच सर्जन, तेच टेबल, पण पेशंट डिलक्स खोलीत असला की फी वाढते. विमा कंपनीने हप्ता ठरवला तो ३,००० रुपयांच्या खोलीच्या दरांवर. पेशंटने वरच्या वर्गाची खोली घेतली की सगळंच बिल वरच्या दराने येतं, आणि ती वाढ आम्ही का सोसावी, असं कंपनीचं म्हणणं. हॉस्पिटलांनी खोलीवरून सर्जनची फी का ठरवावी हा निराळा आणि जास्त चांगला प्रश्न आहे, पण त्याचं उत्तर पॉलिसीच्या पुस्तिकेत सापडायचं नाही.

आता हे कलम सोपं करून लिहायला घेऊ. पहिला प्रयत्न बहुतेक जण असा करतील: ‘खोलीचं भाडं मर्यादेपेक्षा जास्त असेल तर जादा रक्कम तुम्हाला भरावी लागेल.’ छोटं वाक्य, एकही जड शब्द नाही, सातवीतला मुलगाही वाचेल. आणि ते चूक आहे. ॲडमिशनच्या टेबलावरच्या माणसाने सांगितलं तेच हे वाक्य सांगतं. कितीतरी जाहिरातपत्रकांत आणि एजंटांच्या तोंडी हे कलम याच रूपात फिरत असतं. वाक्य सोपं करताना अवघड भाग गाळला, आणि नेमका तोच भाग चाळीस हजारांचा होता.

ही चूक लक्षात आली की माणूस दुसऱ्या टोकाला जातो: ‘मर्यादेपेक्षा महाग खोली घेतलीत तर तुमचं संपूर्ण बिल त्याच प्रमाणात कापलं जाईल.’ हेही सोपं आहे, शिवाय सावध करणारं आहे, म्हणून लिहिणाऱ्याला वाटतं की आपण ग्राहकाच्या भल्याचंच लिहिलं. पण हेही चूक आहे, आणि हिची किंमत वेगळ्या रीतीने मोजावी लागते. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, जून २०२० मध्ये या कपातीला कुंपण घातलं. औषधं आणि वापरून टाकायच्या वस्तू, शरीरात बसवायचे इम्प्लांट आणि वैद्यकीय उपकरणं, तसंच तपासण्या यांच्यावर प्रमाणात कपात करायची नाही. आयसीयूच्या खर्चावर करायची नाही, कारण आयसीयूत साधं आणि डिलक्स असे वर्ग नसतात. आणि ज्या हॉस्पिटलात खोलीप्रमाणे दर बदलतच नाहीत, तिथे ही कपात लावायचीच नाही. इतकंच नव्हे, बिलातल्या ज्या एखाद्या बाबीचा दर सगळ्या खोल्यांना सारखा आहे, त्या बाबीवरही नाही.

‘संपूर्ण बिल कापलं जाईल’ असं ज्याने वाचलं आहे, तो उद्या तपासण्यांच्या पैशांतून चाळीस टक्के गेलेले पाहील आणि ‘हो, लिहिलंच होतं’ म्हणून गप्प बसेल. बाईंच्या बिलात तपासण्या आणि जाळी यांवर अशी कपात झाली असती तर आणखी आठ हजार गेले असते, आणि ते जायला नको होते हे कुणाला कळलंही नसतं.

सोप्या भाषेत लिहिण्याच्या कामातली खरी मेख ही अशी असते. लोकांना वाटतं की अवघड शब्द काढून सोपे घातले, लांब वाक्य तोडलं की झालं. शब्द बदलणं हे यातलं सर्वांत हलकं काम. माझ्या मते अशा कलमाची कसोटी एकच असावी: ते वाचून बाईंच्या मुलाला, खोली घेण्याआधी, स्वतःला किती भरावे लागतील हे काढता आलं पाहिजे. काढता येत नसेल तर भाषा कितीही सुबोध असो, कलम सोपं झालेलं नाही.

त्या कसोटीने मूळ वाक्य पुन्हा पाहिलं की त्यात काय काय दडलं आहे ते दिसू लागतं. पहिली गोष्ट, ‘निर्धारित मर्यादा’ म्हणजे किती? वाक्यात आकडा नाही. तो दुसऱ्या पानावर आहे, तोही ‘विमा रकमेच्या एक टक्का’ असा. विमा रक्कम म्हणजे मूळ तीन लाख, की दरवर्षी क्लेम न केल्याबद्दल वाढत गेलेला बोनस धरून? बहुतेक पॉलिसींत मूळ रक्कमच धरतात, पण ते सांगणारी ओळ तिसऱ्याच ठिकाणी असते. काही पॉलिसींत याहून गुंता असतो. २०२० च्या एप्रिलपासून सगळ्या कंपन्यांना विकावी लागलेली ‘आरोग्य संजीवनी’ ही ठरावीक पॉलिसी घ्या. तिच्यात खोलीची मर्यादा विमा रकमेच्या दोन टक्के, पण जास्तीत जास्त ५,००० रुपये अशी होती. एक लाखाच्या पॉलिसीला २,०००, अडीच लाखांच्या पॉलिसीला ५,०००, आणि पाच लाखांच्या पॉलिसीलाही ५,०००च. पाच लाखांवर दोन टक्के काढून दहा हजारांची खोली घेणारा माणूस गणितात पक्का असूनही फसतो. यावर उपाय भाषेचा नाही, छपाईचा आहे. कंपनीच्या संगणकात विमा रक्कम असते, टक्केवारी असते, कमाल मर्यादाही असते. त्याने हिशेब करून त्या ग्राहकाच्या प्रतीवर सरळ ‘दिवसाला ३,००० रुपये’ असं छापावं. टक्के काढायचं काम पेशंटच्या नातेवाइकावर टाकू नये.

दुसरी गोष्ट, ‘संलग्न वैद्यकीय खर्च’. सगळं प्रकरण या तीन शब्दांभोवती फिरतं, आणि त्यांची व्याख्या पुस्तिकेच्या व्याख्यांच्या भागात, पंधरा-वीस पानं पुढे किंवा मागे असते. गंमत अशी की नियामकाच्या ठरावीक व्याख्येत ‘खोलीभाडे’ या शब्दातच हा संलग्न खर्च धरलेला आहे. म्हणजे आपण ज्याला खोलीचं भाडं समजतो, त्यापेक्षा कागदावरचं खोलीभाडं मोठं असतं. व्याख्या एकीकडे, नियम दुसरीकडे आणि अपवाद तिसरीकडे, अशी मांडणी वकिलाला सोयीची वाटते, कारण तो सगळं एकत्र जुळवून वाचतो. सामान्य वाचक एक पान उघडतो आणि ते संपलं की मिटतो. म्हणून नियम, त्यात काय येतं आणि त्यातून काय सुटतं, या तिन्ही गोष्टी एकाच पानावर, एकाखाली एक असल्या पाहिजेत. कलम त्यामुळे लांबेल. लांबू द्यावं. सोपं म्हणजे आखूड, ही समजूत या कामात फार नुकसान करते.

तिसरी गोष्ट, ‘करण्यात येईल’. कोण करणार? पैसे देणारी कंपनी, भरणारा पेशंट, आणि दर ठरवणारं हॉस्पिटल असे तीन पक्ष इथे आहेत, पण वाक्यात एकही दिसत नाही. ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ घातलं की निम्मा गुंता सुटतो, कारण मग प्रत्येक वाक्यात कुणाच्या खिशातून पैसे जातात हे लिहावंच लागतं. ‘प्रतिपूर्ती प्रमाणात करण्यात येईल’ असं लिहिताना कुणाला काही वाटत नाही. ‘यातले चाळीस रुपये आम्ही देणार नाही’ असं लिहिताना कंपनीच्या मार्केटिंगवाल्यांचा हात अडखळतो, आणि अडखळावाच.

हे सगळं धरून, बाईंच्या पॉलिसीसाठी मी ते कलम असं लिहीन:

‘खोलीसाठी आम्ही दिवसाला जास्तीत जास्त ३,००० रुपये देतो. त्यात खोली, जेवण आणि नर्सिंग आलं. पॉलिसीत बोनस जमा झाला तरी हा आकडा वाढत नाही.

तुम्ही याहून महाग खोली घेतलीत तर तुमचे पैसे दोन ठिकाणी जातील. भाड्यातला फरक तुम्ही द्याल. शिवाय डॉक्टर, सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांची फी आणि ऑपरेशन थिएटरचा खर्च यांचाही काही भाग तुम्ही द्याल, कारण महाग खोलीबरोबर हॉस्पिटल हे दरही वाढवतं.

किती भाग, ते असं काढा. खोली ४,००० रुपयांची असेल तर या खर्चातल्या दर शंभर रुपयांपैकी आम्ही ७५ देऊ. खोली ५,००० ची असेल तर ६०, आणि ६,००० ची असेल तर ५०. बाकीचे तुम्ही द्याल.

औषधं, वापरून टाकायच्या वस्तू, शरीरात बसवलेले इम्प्लांट, वैद्यकीय उपकरणं, तपासण्या आणि आयसीयू यांच्या पैशांत खोलीमुळे कपात होणार नाही.

ज्या हॉस्पिटलात कोणत्याही खोलीला डॉक्टरांची फी आणि थिएटरचे दर सारखेच असतात, तिथे तुम्ही फक्त भाड्यातला फरक द्याल. काहीच बाबींचे दर सारखे असतील, तर त्या बाबींवर आम्ही कपात करणार नाही.’

मूळ वाक्याच्या पाचपट तरी लांबी झाली. पण यात सूत्र नाही, भागाकार नाही. तीन ठरावीक भाड्यांचे आकडे आहेत, आणि आपली खोली त्यांतल्या कशाच्या जवळ आहे हे बघितलं की अंदाज येतो. ‘अनुज्ञेय भाडे भागिले प्रत्यक्ष भाडे’ हे सूत्र मी मुद्दाम ठेवलं नाही. सूत्र ज्याला वाचता येतं त्याला उदाहरणावरूनही ते काढता येतं. उलटं होत नाही.

लिहून झालं म्हणजे काम संपलं असं नाही. हा मसुदा विम्याशी संबंध नसलेल्या चार-पाच जणांना द्यावा लागतो, आणि तो देताना ‘समजलं का?’ हा प्रश्न विचारायचा नसतो. त्याला सगळेच ‘हो’ म्हणतात. विचारायचं ते असं: खोली ५,००० ची, सर्जनची फी ६०,०००, औषधं ३०,०००, तुम्ही किती भराल? उत्तर चुकलं तर वाचणाऱ्याला दोष द्यायचा नाही, मसुदा दुरुस्त करायचा. असे प्रश्न टाकले की मसुद्यातली भोकं पटापट दिसतात. वरच्या मसुद्यातही एक मोठं भोक आहे. ३,००० रुपयांची खोली शिल्लकच नसेल आणि हॉस्पिटलने वरची खोली दिली तर? मूळ कलम याबद्दल अवाक्षर काढत नाही. ते फक्त भाडं पाहतं, कारण विचारत नाही. मग सोप्या मसुद्यात ‘खोली का घेतली याने फरक पडत नाही’ हे लिहायचं की नाही? लिहायलाच हवं, कारण पेशंटला हा प्रसंग हमखास येतो. आणि हे वाक्य छापायची कंपनीला लाज वाटत असेल, तर नियमच बदलावा. सोपं लिहायला बसलं की असे नियमातले दोष उघडे पडतात. जड भाषेत ते वर्षानुवर्षं झाकून राहतात.

पॉलिसीत मर्यादा रुपयांत नसून खोलीच्या प्रकारात असेल, उदाहरणार्थ ‘एका पेशंटची साधी एसी खोली’, तर मसुदा वेगळा होईल. तिथे प्रमाण काढायला त्याच हॉस्पिटलातल्या त्या प्रकारच्या खोलीचं भाडं धरतात, आणि ते दर हॉस्पिटलाला बदलतं. त्यामुळे पॉलिसीवर आकडा छापता येत नाही. ‘दाखल होताना या प्रकारच्या खोलीचं भाडं लेखी घ्या’ एवढंच सांगता येतं.

वकिलांची बाजूही ऐकली पाहिजे. जुन्या कलमांचे शब्द न्यायालयात घासून निघालेले असतात. त्यांचा अर्थ काय होतो हे निकालांनी ठरलेलं असतं, आणि नवा सोपा शब्द घातला की तो पुन्हा पहिल्यापासून तपासला जाणार, ही त्यांची भीती खोटी नाही. शिवाय विम्याच्या करारात शब्द संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ करार लिहिणाऱ्या कंपनीच्या विरुद्ध लावायचा, हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली चंदुमल जैन यांच्या खटल्यात मांडलेलं आहे. म्हणजे सोपं लिहिताना शब्द ढिला पडला तर फटका कंपनीला.

पण याच तत्त्वाची दुसरी बाजू ग्राहकाच्या अंगावर येते. शब्द स्पष्ट असेल, तर तो सामान्य माणसाच्या समजुतीपेक्षा कितीही वेगळा असला तरी न्यायालय तो बदलत नाही. २००४ सालच्या हरचंद राय चंदन लाल यांच्या खटल्यात घरफोडीच्या विम्याचा प्रश्न होता. पॉलिसीत बळजबरीने, मोडतोड करून आत शिरून केलेल्या चोरीलाच संरक्षण होतं. माल चोरीला गेला होता हे खरं, पण तशी बळजबरी झालेली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने क्लेम नाकारला. चोरी म्हणजे चोरी, असं विमा घेणाऱ्याला वाटणं स्वाभाविक होतं, पण कागदावर तसं नव्हतं. खोलीभाड्याचं कलमही याच जातीचं आहे. ते संदिग्ध नाही. ते नुसतं कळत नाही. आणि न कळण्याबद्दल न्यायालयात सवलत मिळेल या भरवशावर राहता येत नाही.

म्हणून सोपं लिहिताना ‘साधारण’, ‘शक्यतो’, ‘वगैरे’ हे बोलण्यातले गोड शब्द टाळावे लागतात. ‘डॉक्टरांची फी वगैरे’ असं लिहिलं की ‘वगैरे’त काय येतं यावर भांडण ठरलेलं. सोप्या मसुद्यात मोजकेच शब्द असतात, त्यामुळे त्यांतला प्रत्येक शब्द मूळ कलमापेक्षा जास्त वजन उचलतो.

नियामकाने या बाबतीत काहीच केलं नाही असं नाही. १ जानेवारी २०२४ पासून प्रत्येक आरोग्य पॉलिसीबरोबर नव्या नमुन्यातलं ग्राहक माहितीपत्रक द्यावं लागतं. त्यात विमा रक्कम, काय मिळतं, काय मिळत नाही, प्रतीक्षा काळ, रकमेच्या मर्यादा, क्लेम कसा करायचा आणि तक्रार कुठे, हे सोप्या भाषेत आणि शेजारी पॉलिसीतल्या कलमाचा क्रमांक देऊन लिहायचं असतं. ग्राहकाने मागितलं तर ते स्थानिक भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, द्यावं लागतं. ही सोय फार थोडे लोक वापरतात, कारण ती आहे हेच माहीत नसतं.

माहितीपत्रकाची मर्यादा मात्र त्याच्याच तळाशी छापलेली असते. पत्रक आणि मूळ पॉलिसी यांत फरक आढळला तर मूळ पॉलिसीच ग्राह्य. म्हणजे सोपा कागद वाचण्यासाठी आणि अवघड कागद भांडणासाठी. माझ्या मते ही अर्धवट सुधारणा आहे. सोपं लेखन पॉलिसीला जोडलेल्या पुरवणीत राहिलं की ते लिहिणाऱ्यावर नेमकेपणाचं दडपण येत नाही, आणि मग ‘जादा रक्कम तुम्हाला भरावी लागेल’ यासारखी सोपी, चुकीची वाक्यं त्यात घुसतात. कलमच सोपं लिहिलं, तर त्याच्या प्रत्येक शब्दाला कंपनी बांधली जाते. २०२० मध्ये पॉलिसींच्या सर्वसाधारण अटींची भाषा सगळ्या कंपन्यांना एकसारखी ठरवून दिली गेली, ती आधीपेक्षा बरीच सुटसुटीत आहे आणि तिने आभाळ कोसळलेलं नाही. खोलीभाड्याच्या कलमालाही असाच एक ठरावीक, रुपयांत बोलणारा मसुदा देता येईल.

तोवर आपलं कलम आपणच सोपं करून घ्यायला हवं. पॉलिसी हातात पडल्यावर ती परत करायला तीस दिवसांची मुदत असते. त्या तीस दिवसांत कंपनीला ई-मेलवर एक उदाहरण पाठवा: ‘मी पाच दिवस ५,००० रुपयांच्या खोलीत राहिलो, सर्जनची फी ६०,०००, तपासण्या १२,०००, औषधं ३०,०००. तुम्ही प्रत्येक बाबीचे किती द्याल?’ शब्दांचा खुलासा मागू नका, आकडे मागा. लेखी आलेलं उत्तर पॉलिसीच्या पुस्तिकेतच ठेवा.

दाखल होताना ॲडमिशनच्या टेबलावर ‘इन्शुरन्समध्ये बसेल ना?’ असं विचारू नका. खोलीप्रमाणे सर्जनची फी आणि थिएटरचे दर बदलतात का ते विचारा, आणि दरपत्रकाची प्रत घ्या. डिस्चार्जनंतर कंपनीच्या किंवा टीपीएच्या मंजुरीपत्रात प्रत्येक कपातीसमोर कारण लिहिलेलं असतं. औषधं, तपासण्या, इम्प्लांट किंवा आयसीयू यांच्यापुढे ‘प्रमाणात कपात’ दिसली तर ती चूक आहे. बाईंच्या हॉस्पिटलात सर्जनची फी सगळ्या खोल्यांना साठ हजारच असती, तर त्या फीमधून कापलेले चोवीस हजार परत मागता आले असते आणि त्यांच्या खिशातून पन्नासऐवजी सव्वीस हजार गेले असते. पुरावा म्हणून तेच दरपत्रक पुरतं.

तक्रार आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी करायची. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत, पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात, त्यासाठी शुल्क नाही आणि वकील लागत नाही. कंपनीचं अंतिम उत्तर मिळाल्यापासून वर्षाच्या आत मात्र जावं लागतं.